नवा मिक्सर उघडतोय: ७५० वॅट, तीन भांडी (शूटची स्क्रिप्ट)

(कंसातलं बोलायचं नाही. कॅमेरा भावाकडे, खोकं ओट्यावर. पहिल्या सेकंदापासून स्क्रीनवर "जाहिरात" ही पट्टी.)

हां, चालू झालं का? बरं. नमस्कार मंडळी, आज मिक्सर आलाय आणि आधीच सांगते, हा कंपनीने फुकट पाठवलाय, पैसे घेतलेले नाहीत, पण फुकटची वस्तू म्हणजे फुकटचीच, म्हणून वर पट्टी दिसतेय, ती लक्षात ठेवून बघा.

खोक्यावर एमआरपी ५,४९९ आहे पण ऑनलाइन ३,७९९ ला दिसतोय, तुम्ही बघाल तेव्हा वेगळी असू शकते. हा आयएसआय मार्क, जवळ ये ना रे, हां. आणि वॉरंटी, मोटरला पाच वर्षं, बाकी मशीनला दोन. भांडी आणि पाती त्यात नाहीत, हे बारीक अक्षरात लिहिलंय.

(सुरी, टेप कापणे)

थर्माकोल आहे, थोडा कचरा होणार. हे पुस्तक, यात मराठी… नाही, इंग्रजी आणि हिंदीच आहे. आईला द्यायचं तर वाचून दाखवावं लागेल. मशीन जड आहे. खाली हे रबरी पाय, ओटा कोरडा पुसून घेतला तरच चिकटतात, आमचा ओला आहे म्हणून बघा कसं सरकतंय.

भावाचा आवाज: ताई, वायर मोज ना.

हो हो, टेप आण. सव्वा मीटर. आमचा सॉकेट फ्रिजच्या मागे आहे, तिथपर्यंत नाही पोचत. तुमचा पॉइंट कुठे आहे ते बघूनच घ्या.

(भांडी एकेक करून)

मोठं दीड लिटर, इडलीचं पीठ, ताक वगैरे. मधलं एक लिटर, कोरड्या मसाल्यासाठी. आणि हे छोटं, ४०० मिली, चटणीचं. तिन्ही स्टीलची. झाकण मोठ्याचं पारदर्शक प्लास्टिकचं, रबर रिंग घट्ट बसलीय, पण धुताना ही रिंग काढायला लागते नाहीतर आत वाटण अडकून वास येतो, आणि काढताना नख लावायला लागतंय. पातं हाताने हलवून बघते… नाही हलत. चांगलं. धार बघायला बोट लावू नका हं, मी पण नाही लावत.

बटण एक, दोन, तीन, आणि उलट्या बाजूला फिरवलं की थांबून थांबून चालतं, ते पल्स. चला, शेंगदाणे. भाजून गार केलेत, सोललेत. छोटं भांडं, अर्ध्याच्या वर भरायचं नाही.

(पल्स. आवाज रेकॉर्ड होऊ द्यायचा, म्युझिक नको.)

ऐकलंत ना, आवाज आहे. शांत वगैरे म्हणणार नाही, बाळ झोपलं असेल तर उठेल. आता बघा… कूट झालंय, थोडी भरड खाली आहे, थोडं कडेला. सलग फिरवलं असतं ना तर तेल सुटून गोळाच झाला असता, म्हणून पल्स. खिचडीला हे चालतं, लाडवाला अजून एकदा फिरवावं लागेल.

आता ओलं खोबरं, लसूण, मिरची, अगदी थोडं पाणी. एकवर सुरू, मग दोन.

(मधेच झाकण उघडणे, चमच्याने कडा पुसणे)

एकदा थांबून कडेचं खाली ढकलायला लागलं. वाटण बारीक आलंय, खोबऱ्याचे एकदोन कण दाताखाली येतील. थोडा वास येतोय का? हो, मोटरचा. नव्या मिक्सरला पहिल्यांदा येतो, पुढे जातो. धूर आला किंवा वास राहिलाच तर मात्र सर्व्हिसवाल्यांना बोलवा.

भावाचा आवाज: आणि ते लाल बटण?

अरे हो! (मशीन उलटं, प्लग काढलेला दाखवायचा) हे खाली लाल बटण. जास्त भरलं, फार घट्ट झालं की मशीन आपोआप बंद पडतं, लोकांना वाटतं जळलं. प्लग काढा, थोडं कमी करा, पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, मग हे दाबा. आणि गरम भाजी, गरम रस्सा थेट घालून झाकण लावायचं नाही, वाफेने झाकण उडतं.

ज्यूसर नाही यात, नारळ खवायचं नाही, कणीक मळायचं भांडं नाही. रोज चारपाच माणसांचं वाटण, चटणी, कूट, त्यासाठी ठीक आहे. इडलीचं पीठ मी आज वाटलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल काही बोलत नाही, वाटलं की दाखवते. दोघंच असाल तर ५०० वॅटचा छोटाही पुरेल बहुतेक, एवढे पैसे कशाला.

लिंक खाली आहे, ती साधी आहे, त्यातून मला काही मिळत नाही. वायर किती लांब, रिंग कशी काढायची, अजून काही विचारायचं असेल तर विचारा, बघून सांगते. बंद कर रे, पोळ्या व्हायच्यात.