जन्मनोंदीतील आईच्या नावात दुरुस्ती होण्याबाबत अर्ज

दिनांक : ९ जुलै २०२५

प्रति,
मा. निबंधक,
जन्म व मृत्यू नोंदणी,
कळवा प्रभाग समिती कार्यालय,
ठाणे महानगरपालिका, ठाणे.

अर्जदार : सौ. सुरेखा महेश गावडे, रा. खारीगाव, कळवा, ठाणे ४००६०५.

विषय : मुलगी कु. तन्वी महेश गावडे हिच्या जन्मनोंदीत आईचे नाव 'सायली'ऐवजी 'सुरेखा' असे दुरुस्त होऊन सुधारित जन्म प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : जन्मनोंद क्र. ११४७/२००८, नोंदणी दि. २३ जून २००८.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझी मुलगी तन्वी हिचा जन्म दि. १४ जून २००८ रोजी कळवा येथील खासगी प्रसूतिगृहात झाला असून त्याची नोंद संदर्भीय क्रमांकाने आपल्या कार्यालयात आहे. त्या नोंदीतील मुलीचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, वडिलांचे नाव आणि पत्ता हे सर्व बरोबर आहे. फक्त आईचे नाव 'सायली महेश गावडे' असे लागले आहे. ते 'सुरेखा महेश गावडे' असे हवे.

ही चूक आपल्या कार्यालयाकडून झालेली नाही. प्रसूतिगृहाकडून जी माहिती आली तीच नोंदवहीत उतरली आहे. ती कशी आली ते सांगणे आवश्यक वाटते. माझे लग्न मे २००५ मध्ये गावी झाले. आमच्याकडील रीतीप्रमाणे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझे नवे नाव लिहिले, ते 'सायली'. सासरी आजही मला त्याच नावाने हाक मारतात. तन्वीच्या जन्माच्या वेळी माझे सिझेरियन झाले होते. माझे यजमान कामावरून पोहोचायचे होते. त्यामुळे जन्माची माहिती लिहून घेताना सासूबाईंना विचारण्यात आले. त्यांनी घरात रोज घेतले जाणारे नाव सांगितले. त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते, आणि याबद्दल त्यांना कोणी दोष द्यावा असे मला वाटत नाही. बारशानंतर त्याच वर्षी मुलीचे नाव नोंदवून यजमानांनी प्रमाणपत्र घरी आणले. तेव्हा आईच्या रकान्यातले 'सायली' त्यांना खटकले नाही आणि मलाही खटकले नाही. शाळेत प्रवेश घेताना त्या प्रमाणपत्रावरून फक्त जन्मतारीख पाहिली गेली. आईचे नाव मी प्रवेश अर्जावर स्वतः 'सुरेखा' असे लिहिले आणि शाळेच्या दप्तरी तेच राहिले.

लग्नानंतर मी फक्त आडनाव बदलले. 'सायली' हे नाव मी कोणत्याही कागदावर कधी लावले नाही किंवा राजपत्रात प्रसिद्ध केले नाही. माझा शाळा सोडल्याचा दाखला व विवाह नोंदणी प्रमाणपत्र 'सुरेखा दत्ताराम परब' या नावाचे आहे. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र आणि शिधापत्रिका 'सुरेखा महेश गावडे' या नावाची आहे. तन्वीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरही आईचे नाव 'सुरेखा' असेच छापून आले आहे. म्हणजे 'सायली' हे नाव एका जन्मनोंदीखेरीज कोणत्याही सरकारी कागदावर नाही.

'सायली' आणि 'सुरेखा' या दोन वेगळ्या स्त्रिया नाहीत याचा पुरावा मागितला जाणे योग्यच आहे. अशा प्रकरणी प्रसूतिगृहाचे पत्र जोडायचे असते, परंतु ते प्रसूतिगृह काही वर्षांपूर्वी बंद झाले. त्याऐवजी त्याच प्रसूतिगृहाची दोन मूळ कागदपत्रे माझ्याकडे आहेत. पहिले गरोदरपणातील तपासणीचे कार्ड. ते मी डिसेंबर २००७ मध्ये नाव घातले तेव्हाचे आहे. त्यावर 'सुरेखा महेश गावडे' हे नाव व माझी सही आहे. दुसरे डिस्चार्ज कार्ड. ते घडीवर फाटले असल्याने मागून कागद लावला आहे, पण अक्षर पूर्ण वाचता येते. त्यावर रुग्णाचे नाव सुरेखा महेश गावडे असून 'दि. १४/६/२००८, पहाटे ५.४०, मुलगी, वजन २.८ किलो, सिझेरियन' अशी नोंद आहे. हीच तारीख व हेच प्रसूतिगृह आपल्या नोंदवहीत आहे. दोन्ही मूळ कार्डे पडताळणीसाठी आणते, मात्र ती पाहून परत मिळावीत अशी विनंती आहे. त्यांची दुसरी प्रत आता कुठेही मिळणार नाही.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार, नोंद चुकीची असल्याची निबंधकांची खात्री झाल्यास मूळ नोंदीत फेरफार न करता समासात दुरुस्ती लिहून तिच्यावर दिनांकित सही करता येते. महाराष्ट्र जन्म व मृत्यू नोंदणी नियम, २००० मधील नियम ११ नुसार त्यासाठी वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे प्रतिज्ञापन लागते. त्याप्रमाणे जन्माची माहिती देणाऱ्या माझ्या सासूबाई आणि प्रसूतीच्या वेळी हजर असलेली माझी थोरली बहीण यांची प्रतिज्ञापत्रे जोडली आहेत.

'सायली उर्फ सुरेखा' अशी दुरुस्ती सोपी पडेल असे मला काहींनी सुचवले. तशी नोंद करू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. 'उर्फ' लावल्याने जन्म प्रमाणपत्रावरील नाव गुणपत्रिकेशी आणि माझ्या आधारशी पुन्हा जुळणार नाही, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तन्वीला त्याचा खुलासा करत बसावे लागेल. ती यंदा बारावीत आहे. पासपोर्टसाठी कागद जमवताना मे महिन्यात ही तफावत आमच्या लक्षात आली. तिच्या पुढील प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी हे काम व्हावे अशी इच्छा आहे. अडचण कागदांची आहेच. त्याशिवाय, माझ्या मुलीच्या जन्माच्या नोंदीत आई म्हणून माझे स्वतःचे, माझ्या आईवडिलांनी ठेवलेले नाव असावे असेही मला मनापासून वाटते.

तरी कागदपत्रांची पडताळणी करून वरील नोंदीत आईचे नाव 'सुरेखा महेश गावडे' असे दुरुस्त करावे आणि सुधारित जन्म प्रमाणपत्राच्या तीन प्रती द्याव्यात, ही विनंती. नियमाप्रमाणे होणारे शुल्क भरण्यास मी तयार आहे. आणखी कागद लागत असल्यास किंवा विनंती मान्य करता येत नसल्यास तसे कारणासह लेखी कळवावे. सासूबाईंचे वय ७४ असून गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढता येत नाहीत. त्यांचा जबाब घ्यायचा असेल तर दिवस व वेळ आधी कळवल्यास त्यांना रिक्षाने घेऊन येईन. शक्य असल्यास तो तळमजल्यावर घ्यावा.

वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन, याची मला जाणीव आहे. अर्जाची पोच सोबतच्या दुसऱ्या प्रतीवर द्यावी.

आपली विश्वासू,

(सही)
सौ. सुरेखा महेश गावडे

सोबत :
१. जन्म प्रमाणपत्र (मूळ)
२. तपासणी कार्ड व डिस्चार्ज कार्ड (छायाप्रती)
३. अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र व शिधापत्रिका (साक्षांकित प्रती)
४. तन्वीची दहावीची गुणपत्रिका व आधार (साक्षांकित प्रती)
५. दोन प्रतिज्ञापत्रे (मूळ)
६. मुलीचे वडील श्री. महेश गावडे यांचे संमतिपत्र