गोपनीयता धोरण : तुमचं नाव आणि फोन नंबर आमच्याकडे आल्यावर

१ जानेवारी २०२६ पासून लागू

आम्ही कोल्हापुरात मापावर चपला करून देतो. वेबसाइटवर खरेदी होत नाही, पैसेही भरता येत नाहीत. आहे तो एक संपर्क फॉर्म. त्यात नाव आणि फोन नंबर द्यावाच लागतो, खालचा ‘निरोप’ हा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो.

नंबर कशाला लागतो? माप घ्यायला. परगावच्या गिऱ्हाइकाला आम्ही फोन करून सांगतो की कोऱ्या कागदावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ ओढा आणि फोटो पाठवा. हे लिहून कळत नाही, बोलावंच लागतं. ऑर्डर नक्की झाली की चपला तयार झाल्याचं कळवायलाही तोच नंबर वापरतो. सणासुदीच्या शुभेच्छा, नव्या मालाचे फोटो, सवलतीचे मेसेज यांसाठी तो वापरणार नाही, आणि तुम्हाला न विचारता कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्येही टाकणार नाही.

निरोपाच्या रकान्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तिथं लोक मोकळेपणानं लिहितात. ‘वडिलांना शुगर आहे, अंगठ्याला जखम आहे, पट्टा मऊ हवा’ असं कुणी लिहिलं तर कारागिराला ते उपयोगी पडतं, पण ती एका माणसाच्या तब्येतीची गोष्ट असते. म्हणून ‘पट्टा मऊ, अंगठ्याशी सैल’ एवढंच लिहिलंत तरी पुरे. आजाराचं नाव आलंच, तर आम्ही कारागिराच्या चिठ्ठीवर ते उतरवत नाही. आधार, बँक खातं, ओटीपी, यूपीआय पिन यांतलं काहीही तिथं लिहू नका. आमच्या नावानं कुणी फोन करून ओटीपी मागितला, तर तो फोन आमचा नाही. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर तक्रार करा.

माहिती कुठं जाते

फॉर्म भरला की तो दुकानाच्या जीमेलवर येतो. तो ईमेल दोघंच उघडतात : मालक आणि ऑर्डरी घेणाऱ्या ताई. ऑर्डर ठरल्यावर नाव, नंबर आणि माप दुकानातल्या वहीत चढतं. वही रात्री कपाटात कुलपात असते. कारागिराला फक्त माप आणि वहीतला क्रमांक मिळतो. माल पाठवताना कुरिअरवाल्याला नाव, पत्ता आणि नंबर द्यावा लागतो. पोलिसांनी किंवा न्यायालयानं कायदेशीर मागणी केली तर माहिती द्यावी लागेल. याखेरीज कुणालाही देत नाही, विकत तर नाहीच.

एक गोष्ट कबूल करतो. पूर्वी प्रत्येक फॉर्मची एक प्रत वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या ईमेलवरही जात होती. चाचणीसाठी केलेली सोय तशीच राहून गेली होती. लक्षात आल्यावर ती बंद केली आणि त्याच्याकडच्या जुन्या प्रती आमच्यासमोर पुसून घेतल्या.

वेबसाइट जाहिरातींसाठी कुकीज वापरत नाही. सर्व्हर मात्र भेट देणाऱ्याचा आयपी अ‍ॅड्रेस आणि वेळ आपोआप नोंदवतो. ती नोंद ३० दिवसांनी पुसली जाते.

किती दिवस ठेवतो

नुसती चौकशी असेल तर ६ महिने. ऑर्डर झाली असेल तर माप २ वर्षं, कारण बरेच जण दुसरा जोड त्याच मापाचा मागतात. बिलाचं मात्र आमच्या हातात नाही : जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा ‘सगळं पुसा’ म्हणालात तरी बिलावरचं नाव तेवढं राहील.

तुमचा हक्क

फॉर्मखालच्या चौकटीत तुम्ही स्वतः टिक केल्याशिवाय तो पुढे जात नाही. ती टिक म्हणजे तुमची संमती, आणि ती केव्हाही मागे घेता येते. त्यासाठी अर्ज-बिर्ज नको. ज्या नंबरवरून चौकशी केली होती, त्याच नंबरवरून ‘माझी माहिती काढा’ एवढा मेसेज करा. ७ दिवसांत ईमेल पुसतो, वहीतल्या नोंदीवर काट मारून नंबर शाईनं झाकतो, आणि तसं कळवतो. आमच्याकडे तुमचं काय काय आहे ते विचारता येईल, चुकलेलं दुरुस्तही करून घेता येईल.

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातल्या बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत, पण आम्ही मुदतीची वाट बघत बसलेलो नाही. दुकानाचा मोबाइल हरवला किंवा ईमेलमध्ये कुणी घुसलं, तर ज्यांची माहिती त्यात होती त्या प्रत्येकाला आम्ही स्वतः फोन करू. आमच्या उत्तरानं समाधान झालं नाही, तर त्याबद्दलची तरतूद लागू झाल्यावर याच कायद्याखालच्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे दाद मागता येईल.

१८ वर्षांखालच्या मुलांनी फॉर्म भरू नये. त्यांच्या चपलांसाठी आईवडिलांनी आपलं नाव आणि नंबर द्यावा.

या धोरणात बदल झाला तर वरची तारीख बदलेल. त्याआधी दिलेला नंबर नव्या कारणासाठी वापरायचा असेल, तर आधी तुम्हाला विचारू. शंका असल्यास दुकानाच्या फोनवर सकाळी ११ ते संध्याकाळी ७ या वेळेत विचारा. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशीच्या मेसेजला मंगळवारी उत्तर मिळेल.