रेझ्युमे : सायबर सिक्युरिटी ॲनालिस्ट, इन्सिडेंट रिस्पॉन्स

अर्ज कशासाठी : इन्सिडेंट रिस्पॉन्स टीममधील वरिष्ठ ॲनालिस्टचे पद

पहिल्या फेरीची छाननी नाव न पाहता होणार असल्याने नाव, फोन आणि पत्ता सोबतच्या अर्जात दिले आहेत.

थोडक्यात

2019 पासून सिक्युरिटी ऑपरेशन्समध्ये आहे. त्यातली शेवटची काही वर्षे फक्त इन्सिडेंट रिस्पॉन्समध्ये. अलर्ट आल्यापासून अंतिम अहवालावर सही होईपर्यंतची सगळी साखळी हाताळली आहे. विशेष हातखंडा दोन कामांत : ईमेल खाती ताब्यात घेऊन होणारी फसवणूक आणि विंडोज मशीनवरचा मेमरी तपास.

वाचण्यापूर्वी एक खुलासा

खाली कोणत्याही कंपनीचे किंवा ग्राहकाचे नाव नाही, क्षेत्र तेवढे दिले आहे. घटनांच्या तारखा, आयपी ॲड्रेस, सर्व्हरची नावे, लॉग किती दिवस ठेवले जातात हे मुद्दाम गाळले आहे. साधनांची यादीही एकत्र दिली आहे; कुठल्या नोकरीत कुठले साधन होते ते लिहिलेले नाही. रेझ्युमे किती हातांतून फिरेल सांगता येत नाही, आणि "अमुक कंपनी, अमुक ईडीआर, अमुक आवृत्ती" ही ओळ हल्लेखोराची निम्मी टेहळणी करून देते. ज्यांनी विश्वासाने त्यांची यंत्रणा माझ्या हाती दिली, त्यांच्याशी नोकरी सोडल्यावरही हे बंधन राहते. मुलाखतीत कामाची पद्धत हवी तितकी खोलात सांगेन, जुन्या मालकांची माहिती सांगणार नाही.

अनुभव

वरिष्ठ ॲनालिस्ट, इन्सिडेंट रिस्पॉन्स — वित्तीय सेवा क्षेत्र, 2022 पासून आजपर्यंत

सहा जणांची टीम, आळीपाळीने ऑन-कॉल. गंभीर घटनेत तपासाची सूत्रे माझ्याकडे, आणि विधी व जनसंपर्क विभागाला दर काही तासांनी साध्या भाषेत स्थिती कळवण्याची जबाबदारीही.

*ताब्यात गेलेले मेलबॉक्स.* हिशेब विभागातल्या एका खात्यात नवा इनबॉक्स नियम दिसला : विषयात "पेमेंट" असलेली पत्रे वाचलेली म्हणून खूण करून आरएसएस फीड्सच्या फोल्डरमध्ये टाकायची. त्या फोल्डरकडे माणूस सहसा फिरकत नाही, म्हणूनच हल्लेखोर तो निवडतात. मायटर ॲटॅकच्या भाषेत हे `T1564.008`. पासवर्ड बदलून भागणार नव्हते, कारण लॉगिनची सेशन टोकन चोरीला गेली होती. बनावट लॉगिन पान मधे बसून टोकन उचलते तेव्हा एमएफए असूनही खाते जाते. म्हणून सगळी सेशन रद्द केली, खात्यावर नवे एमएफए साधन नोंदले गेले आहे का ते पाहिले, परवानगी दिलेली बाहेरची ॲप्स तपासली, मगच पासवर्ड बदलला. बदललेल्या बँक तपशिलाचे पत्र बाहेर पडले होते, पण हिशेब विभागाने समोरच्याला फोन करून खात्री केल्यामुळे पैसे गेले नाहीत. त्यानंतर अशा तपासासाठी प्लेबुक लिहिले, ते टीम आजही वापरते.

*रॅन्समवेअरच्या आदल्या पायरीवर अडवलेला शिरकाव.* शॅडो कॉपी पुसण्याच्या प्रयत्नाचा अलर्ट आला, `T1490`. मशीन नेटवर्कपासून वेगळे केले, पण बंद केले नाही. आधी मेमरी उतरवून घेतली. हा क्रम मी चुकीतून शिकले : कारकिर्दीच्या सुरुवातीला एक संशयित मशीन घाईने रीस्टार्ट केले आणि मेमरीतला पुरावा कायमचा गेला. या वेळी त्याच मेमरीतून एका वैध सेवेच्या नावाखाली चालणारी प्रोसेस सापडली आणि ज्या सेवा-खात्यावरून शिरकाव झाला ते कळले. फाइल एनक्रिप्ट होण्याआधी प्रसार थांबला.

नंतर लिहिलेल्या सिग्मा नियमाचे हे सर्वसाधारण रूप. संस्थेचे अपवाद काढून टाकले आहेत, तंत्र सर्वज्ञात आहे :

```yaml
title: Shadow copies deleted with vssadmin
logsource:
  category: process_creation
  product: windows
detection:
  selection:
    Image|endswith: '\vssadmin.exe'
    CommandLine|contains|all:
      - 'delete'
      - 'shadows'
  condition: selection
level: high
```

*अलर्टची छाटणी.* रात्रपाळीला सर्वाधिक त्रास देणारे नियम एकेक करून तपासले. बरेचसे अलर्ट बॅकअपच्या आणि ॲडमिनच्या स्क्रिप्टचे निघाले. नियम बंद करण्याऐवजी सही केलेली स्क्रिप्ट, ठरलेले खाते आणि ठरलेले मशीन असे तिन्ही जुळले तरच अपवाद, असे ठेवले. हे काम दिसत नाही, पण खरा अलर्ट डोळ्यांखालून निसटू नये यासाठी मला ते तपासाइतकेच महत्त्वाचे वाटते.

एसओसी ॲनालिस्ट, लेव्हल 1 व नंतर लेव्हल 2 — मॅनेज्ड सिक्युरिटी सेवा, 2019 ते 2022

एकाच पाळीत अनेक ग्राहकांचे अलर्ट. फिशिंगच्या तक्रारी, ब्रूट फोर्स, `4625` नंतर लगेच येणारा `4624`, पुसलेला ऑडिट लॉग म्हणजे `1102`, यांवर ट्रायाज. डिसेंबर 2021 मध्ये लॉग फोर जेचा दोष `CVE-2021-44228` जाहीर झाला तेव्हा जावा वापरणाऱ्या प्रणाली शोधण्याची आणि प्रयत्नांचे लॉग वेगळे काढण्याची पाळी सांभाळली. कोणाकडे काय सापडले ते त्या ग्राहकांचे आहे.

आयटी सपोर्ट — शिक्षण क्षेत्र, 2017 ते 2019

ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली खाती, पॅचिंग, बॅकअप. इथेच ॲडमिनचे नेहमीचे काम कसे दिसते ते कळले.

साधने

रोजची : स्प्लंक आणि मायक्रोसॉफ्ट सेंटिनल, म्हणजे एसपीएल व केक्यूएल दोन्हीत क्वेरी लिहिते, ईडीआरवर मशीन वेगळे काढणे व लाइव्ह रिस्पॉन्स, वायरशार्क, झीक, सुरिकाटा. तपासासाठी व्होलॅटिलिटी, व्हेलोसिरॅप्टर, केप, ऑटोप्सी. यारा व सिग्मा नियम स्वतः लिहिते. घटनेची नोंद द हाइव्हमध्ये, निर्देशक एमआयएसपीमध्ये, टीएलपीची खूण लावूनच. पायथन आणि पॉवरशेल कामापुरते उत्तम. क्लाउडमधला तपास ॲझ्युअरवर केला आहे, एडब्ल्यूएसवर अनुभव कमी आहे. मालवेअरचे रिव्हर्स इंजिनिअरिंग प्राथमिक पातळीवर. अवघड नमुना तज्ज्ञाकडे देते.

प्रमाणपत्रे

- जीआयएसी जीसीआयएच, 2023. मुदत चार वर्षे
- कॉम्पटिया सायसा प्लस, 2021. सीईयू भरून 2024 मध्ये नूतनीकरण
- कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस, 2019
- जीआयएसी जीसीएफए : परीक्षेची तयारी सुरू, अजून मिळालेले नाही

प्रमाणपत्रांचे क्रमांक इथे दिलेले नाहीत. जारी करणाऱ्या संस्थेच्या पानावरची पडताळणीची लिंक निवडीच्या टप्प्यावर थेट पाठवेन.

शिक्षण : बीएस्सी संगणकशास्त्र, 2017.

भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी. घटनेचे अहवाल इंग्रजीत लिहिते, कर्मचाऱ्यांची फिशिंग प्रशिक्षणे मराठीत घेते.

संदर्भ : दोन माजी टीम लीड. त्यांची परवानगी घेतली आहे. नावे दुसऱ्या फेरीनंतर देईन.

रुजू होण्यास लागणारा वेळ : नोटीस 60 दिवस. हातात असलेल्या तपासांची नोंद पूर्ण करून, सगळे ॲक्सेस परत करून मगच निघेन, त्यामुळे हा काळ कमी करता येणार नाही.