सातवा दरवाजा

शहर आवृत्तीचे शेवटचे पान सोडायला अठरा मिनिटे उरली असताना मेघनाच्या फोनवर निरोप आला, की राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले असून पहाटेपर्यंत पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडणार आहे. निरोप पाठवणारा पूर्वी दोनदा खरा ठरला होता. पण तो धरणावर नव्हता, त्यालाही कुणीतरी सांगितले होते. राजाराम बंधाऱ्यावरची रात्री दहाची नोंद तिच्या वहीत होती : ३८ फूट, म्हणजे इशारा पातळीच्याही एक फूट खाली. बातमी खरी असेल आणि आपण गप्प बसलो, तर नदीकाठची माणसे झोपेत सापडतील. खोटी असेल, तर २०१९चा पूर पाहिलेली म्हातारी माणसे भर पावसात घर सोडतील, या विचाराने तिच्या घशाला कोरड पडली.

पूर नियंत्रण कक्षाचा फोन चौथ्या वेळी लागला.

“दोनच दरवाजे उघडलेत, ताई.”

तिने बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि वेळ लिहून घेतली, तयार मथळ्यातला ‘सात’ खोडला आणि पान लावणाऱ्या काकांकडे वळली. “काका, पाच मिनिटे थांबा. धरणावरच्या अभियंत्यांनाही विचारते.”