मंगळवारचं प्रॅक्टिकल बुडाल्याबद्दल आणि गुरुवारच्या बॅचमध्ये बसू देण्याबाबत

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी वैष्णवी कोळी, बी.एस्सी. द्वितीय वर्ष, ए बॅच, रोल नंबर ४७. काल मंगळवारी (१२ ऑगस्ट) केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मला येता आलं नाही. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, पण सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला की उद्याच घेऊन या. बाबांची यंत्रमागावर दिवसपाळी आणि आई गावाला गेलेली, त्यामुळे आजीबरोबर मलाच थांबावं लागलं. सकाळी मैत्रिणीकडे तुमच्यासाठी निरोप दिला होता. तो तुमच्यापर्यंत पोहोचला का, ते समजलं नाही, म्हणून हा मेल. डिस्चार्ज कार्डाचा फोटो सोबत जोडला आहे.

काल ईडीटीए टायट्रेशनने पाण्याची कठीणता काढायचा प्रयोग झाला. तोच प्रयोग उद्या गुरुवारी दुपारी सी बॅचला आहे, असं नोटीस बोर्डवर पाहिलं. त्या वेळेला माझं एकही लेक्चर नाही. उद्यापुरतं मला सी बॅचमध्ये बसू द्याल का? पुढच्या मंगळवारपासून मी माझ्याच बॅचला येईन.

जागेची अडचण असेल याची कल्पना आहे. सी बॅचच्या सीआरला विचारलं, तर खिडकीकडच्या टेबलावर एक ब्युरेट स्टँड रिकामा असतो म्हणाली. तोही लागणार असेल तर कोणाचं तरी आटोपेपर्यंत मी थांबेन, नंतर करेन. आजीच्या डोळ्यात थेंब घालायला उद्या दुपारी आत्या येणार आहे, तेव्हा मला घरी पळायची घाई नाही.

मैत्रीण तिची रीडिंग द्यायला तयार आहे, पण ती उतरवून जर्नल पूर्ण करण्यात मला अर्थ वाटत नाही. एरिओक्रोम ब्लॅक टीचा वाईन रेड रंग जाऊन निळा कधी होतो, हे स्वतः पाहिल्याशिवाय एंड पॉइंट हातात बसणार नाही, आणि परीक्षेत नेमका हाच प्रयोग आला तर पंचाईत. शिवाय आमच्या घरी बोअरचं पाणी येतं. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, तो खरवडूनही निघत नाही. तुमची हरकत नसेल तर लॅबच्या सॅम्पलची तीन रीडिंग जुळल्यावर या पाण्याचंही एक टायट्रेशन करून बघेन. बाटली भरून ठेवली आहे.

जर्नलमध्ये उद्देश, तत्त्व, अभिक्रिया आणि कृती लिहून झाली आहे, फक्त निरीक्षण तक्ता आणि गणित बाकी आहे. ए बॅचच्या हजेरीत कालची नोंद कशी करायची, ते तुम्ही सांगाल तसं.

उद्या सकाळी पहिल्या लेक्चरआधी मी स्टाफरूमपाशी येऊन भेटते. चालणार नसेल तर तेव्हा सांगितलंत तरी चालेल, बी बॅचला शुक्रवारी सुट्टीच आहे, त्यामुळे त्यांचं प्रॅक्टिकल कधी ठेवलंय तेही तेव्हाच विचारून घेईन.

आपली विद्यार्थिनी,
वैष्णवी कोळी
बी.एस्सी. द्वितीय वर्ष, ए बॅच, रोल नं. ४७
सोलापूर, १३ ऑगस्ट २०२५