कंपनी भेटवस्तूंचा कॅटलॉग: सुधारित आवृत्ती

आधी हे वाचा

मागच्या आवृत्तीत फोटो मोठे होते आणि अटी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. एका ग्राहकाने १८ जणांसाठी पेन पसंत केलं, साहेबांची मंजुरी घेतली, लोगो पाठवला आणि मग त्यांना कळलं की ते पेन १०० नगांखाली आम्ही करतच नाही. चूक त्यांची नव्हती. म्हणून या वेळी प्रत्येक वस्तूच्या नावाखाली, वर्णनाच्याही आधी, एक ओळ ठेवली आहे: प्रसंग, बजेट, किमान ऑर्डर, मुदत. क्रम सगळीकडे हाच. ती ओळ जुळली तरच पुढचं वाचा. नाही जुळली, तर फोटो कितीही आवडला तरी पान उलटा.

बजेटचे गट

सर्व दर प्रतिनग, एका जागी एकरंगी लोगो धरून. कर आणि वाहतूक वेगळी.

गट अ: ३०० पर्यंत
गट ब: ३०१ ते ८००
गट क: ८०१ ते २,०००
गट ड: २,००० च्या वर

गट किमान ऑर्डरच्या दराने ठरवला आहे. जास्त नग घेतल्यावर वस्तू खालच्या गटात येत असेल, तर तिथेच तसं लिहिलं आहे. पूर्वी आम्ही ‘पासून’ लिहून हजार नगांचा दर छापायचो. ते बंद केलं.

प्रसंगावरून शोधा

नवीन कर्मचारी रुजू होणार असतील तर थेट पान १८, रुजू किट. किट महाग वाटलं तर पान ६ ची नोंदवही आणि पान ९ ची बाटली वेगवेगळी घ्या. खोक्याचा आणि भरणीचा खर्च वाचतो.

परिषद किंवा प्रशिक्षणाला नोंदवही (पान ६) आणि पेन (पान २४). इथे शेकड्यांनी नग लागतात आणि माणसं वस्तू हातात घेऊन फिरतात, त्यामुळे जड काही देऊ नका.

सेवापूर्ती, निवृत्ती, वार्षिक पुरस्कार: पान २१. एक नगसुद्धा करतो.

संघाची सहल, क्रीडास्पर्धा, वर्धापनदिन: पान १२, पोलो टी-शर्ट.

महत्त्वाच्या ग्राहकांना भेट: पान ९ किंवा पान १५. आमचं मत विचाराल तर अशा वस्तूंवर लोगो लहान ठेवा. छातीएवढा लोगो असलेली बाटली कुणी स्वतःच्या टेबलावर ठेवत नाही.

वर्षअखेर: पान २६. पण आधी शेवटच्या पानावरचा गर्दीच्या महिन्यांचा मजकूर पाहा.

आणि कार्यक्रम याच आठवड्यात असेल तर बाकी सगळं सोडून पान २८.

---

पान ६ · नोंदवही, ए५, कडक पुठ्ठा
*प्रसंग: परिषद, रुजू होणं | बजेट: गट ब, २५० नगांपासून गट अ | किमान ऑर्डर: ५० | मुदत: ८ कामाचे दिवस*

१४८ × २१० मिमी, १९२ पानं, ८० जीएसएम कागद, आखीव किंवा कोरा. मुखपृष्ठावर लोगो सोनेरी, चंदेरी किंवा बिनरंगी दाबून उमटवतो. त्यासाठी धातूचा ठसा करावा लागतो. ठशाचा खर्च पहिल्या ऑर्डरला एकदाच लागतो. ठसा वर्षभर जपून ठेवतो, त्या काळातल्या पुढच्या ऑर्डरींना तो खर्च लावत नाही. प्रत्येक वहीवर वेगळं नाव हवं असेल तर ते ठशाने होत नाही, छपाईने करावं लागतं. मुदतीत ३ दिवस वाढवा.

पान ९ · स्टीलची बाटली, ७५० मिली, दुहेरी भिंतीची
*प्रसंग: रुजू होणं, ग्राहकभेट, वर्धापनदिन | बजेट: गट ब | किमान ऑर्डर: २५ | मुदत: ६ कामाचे दिवस*

आतून ३०४ दर्जाचं स्टील, बाहेरून पावडर कोटिंग. काळा, पांढरा, गडद निळा आणि शेवाळी हे चार रंग कायम साठ्यात असतात. इतर रंग हवे असतील तर आधी विचारा.

या वस्तूवर सर्वांत जास्त फोन येतात ते लोगोच्या रंगावरून, म्हणून सविस्तर सांगतो. आम्ही लोगो लेझरने कोरतो. लेझर वरचं कोटिंग काढतं आणि खालचं स्टील दिसू लागतं. म्हणजे लोगो चंदेरीच दिसणार, तुमचा लाल-निळा कितीही प्रिय असला तरी. हे कोरीवकाम घासून जात नाही, आणि प्रत्येक बाटलीवर वेगळं नाव घालायला फक्त १ दिवस जास्त लागतो, कारण ठसा नाही, साचा नाही, फाइल बदलली की झालं. रंगीतच लोगो हवा असेल तर यूव्ही छपाई करतो. तिची किमान ऑर्डर ५० आणि मुदत ८ दिवस. रंग सुरेख येतो, पण रोजच्या घासणीपुढे तो लेझरइतका टिकत नाही, हे आताच सांगून ठेवतो. पांढऱ्या बाटलीवर लेझरचा लोगो फिका दिसतो. लेझरसाठी काळी किंवा निळी घ्या.

पान १२ · पोलो टी-शर्ट, २२० जीएसएम
*प्रसंग: सहल, क्रीडास्पर्धा, वर्धापनदिन | बजेट: गट ब | किमान ऑर्डर: ४०, एका रंगात, सर्व मापं मिळून | मुदत: १२ कामाचे दिवस*

छातीवर भरतकाम. लोगोखालची बारीक टॅगलाइन भरतकामात वाचता येत नाही, धाग्याचा नुसता गठ्ठा दिसतो. ती काढून लोगो पाठवा. तुमच्या कंपनीच्या नेमक्या छटेत कापड रंगवून हवं असेल तर किमान ३०० नग आणि ३० कामाचे दिवस.

मापांची यादी पक्की झाल्याशिवाय मुदत सुरू होत नाही. ‘साधारण मध्यम माप जास्त घ्या’ या बोलीवर आम्ही काम घेत नाही. त्यातून उरलेले शर्ट कपाटात पडतात आणि मोठ्या मापाचे चार जण रिकाम्या हाती राहतात.

पान १५ · पॉवर बँक, १०,००० एमएएच
*प्रसंग: ग्राहकभेट, पुरस्कार | बजेट: गट क | किमान ऑर्डर: ३० | मुदत: ७ कामाचे दिवस, वाहतूक फक्त रस्त्याने*

क्षमता ३७ वॅट-तास (१० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट). विमानप्रवासात हातातल्या सामानात चालते, चेक-इन सामानात नाही. परगावी होणाऱ्या परिषदेत ही वाटणार असाल तर पाहुण्यांना हे आधी कळवा. लिथियम बॅटरी असल्याने आम्ही ती विमानाने पाठवत नाही. लांबच्या पत्त्यांना वाहतुकीचे दिवस जास्त धरा.

पान १८ · रुजू किट
*प्रसंग: नवीन कर्मचारी | बजेट: गट क | किमान ऑर्डर: २५ | मुदत: १४ कामाचे दिवस, साठ्यातून नंतर पाठवायला ३ दिवस*

खोक्यात नोंदवही, लेझर कोरलेली बाटली, धातूचं पेन, ओळखपत्राची दोरी आणि तुमच्या मजकुराचं स्वागतकार्ड. कार्डाचा मजकूर तुम्हीच द्या. आमचा तयार मजकूर पूर्वी छापायचो, तो या आवृत्तीतून वगळला आहे. दहा कंपन्यांत एकच स्वागत, बरं दिसत नव्हतं.

महिन्याला चार-पाचच माणसं घेता, मग २५ किट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. २५ ची ऑर्डर एकदम द्या, किट आमच्या गोदामात राहतील, आणि ६ महिन्यांपर्यंत तुम्ही नावं-पत्ते कळवाल तशी आम्ही पाठवत जाऊ. पाठवणीचा खर्च त्या त्या वेळी लागेल. साठवणुकीचा आकार नाही. मात्र असं ठेवायचं असेल तर बाटलीवर फक्त लोगो घ्या, नाव नको. सोडून गेलेल्या माणसाच्या नावाची बाटली दुसऱ्याला देता येत नाही.

पान २१ · स्मृतिचिन्ह, ॲक्रिलिक किंवा लाकडी
*प्रसंग: सेवापूर्ती, निवृत्ती, पुरस्कार | बजेट: ॲक्रिलिक गट क, लाकडी गट ड | किमान ऑर्डर: १ | मुदत: ॲक्रिलिक ५, लाकडी ९ कामाचे दिवस*

कोरायचा मजकूर ई-मेलनेच पाठवा, फोनवर सांगू नका. नमुना आला की नावातले ऱ्हस्व-दीर्घ आणि सेवेची वर्षं दोन जणांनी तपासा. मंजुरीनंतर कोरलेली चूक दुरुस्त होत नाही, नवीनच करावं लागतं.

पान २४ · धातूचं पेन
*प्रसंग: परिषद, प्रशिक्षण | बजेट: गट अ | किमान ऑर्डर: १०० | मुदत: ६ कामाचे दिवस*

निळी किंवा काळी रिफिल, लोगो लेझरने. १०० पेक्षा कमी हवी असतील तर पान २८.

पान २६ · टेबल कॅलेंडर
*प्रसंग: वर्षअखेर | बजेट: गट अ | किमान ऑर्डर: १०० | मुदत: १० कामाचे दिवस*

१२ पानं आणि मुखपृष्ठ. तुमच्या सुट्ट्यांची यादी छापून देतो, पण ती यादी अंतिम असावी.

पान २८ · तातडीचं
*प्रसंग: कोणताही | बजेट: वस्तूप्रमाणे | किमान ऑर्डर: २० | मुदत: ३ कामाचे दिवस*

साठ्यातली बाटली, पेन किंवा नोंदवही, वस्तूवर काही न छापता. लोगो भोवतालच्या कागदी पट्टीवर येतो. दिसायला नीटनेटकं दिसतं. पट्टी काढली की वस्तू साधी राहते, आणि घेणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नसते.

---

मुदत कशी मोजायची

तीन गोष्टी लागतात: लोगोची फाइल, नमुन्याला लेखी मंजुरी आणि आगाऊ रक्कम. यातली शेवटची ज्या दिवशी पोहोचते तो दिवस शून्य. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या धरत नाही. समजा सोमवारी मंजुरी आली, बाकी दोन्ही आधीच आलं होतं, आणि ऑर्डर बाटल्यांची आहे. मंगळवार पहिला दिवस, शुक्रवार चौथा, पुढचा सोमवार पाचवा, आणि मंगळवारी माल आमच्या गोदामातून निघेल. तुमच्या दारात त्या दिवशी पोहोचेल असं नाही. वाहतुकीचे २ ते ५ दिवस वेगळे. म्हणून कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे मोजत या.

फाइल `.ai`, `.cdr` किंवा व्हेक्टर `.pdf` हवी. वेबसाइटवरून उतरवलेला `.jpg` मोठा केला की कडा फाटतात. तो नव्याने रेखायला आम्हाला १ दिवस लागतो, आणि तो मुदतीत धरलेला नसतो.

गर्दीचे महिने

नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये वरच्या प्रत्येक मुदतीत ५ कामाचे दिवस मिळवा. पान २८ ला हे लागू नाही. १ जानेवारीला टेबलावर कॅलेंडर हवं असेल तर मंजुरी नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत द्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलेली कॅलेंडरची ऑर्डर आम्ही घेत नाही, कारण ती जानेवारीतच पोहोचते आणि तोवर टेबलावर दुसऱ्याचं कॅलेंडर उभं असतं.