रसायनशास्त्राच्या पेपरासाठी मी स्वतःला सांगेन अशी वाक्यं

हळू वाचायची. जे वाक्य त्या दिवशी खरं वाटणार नाही, ते सोडून पुढे जायचं.

आदल्या रात्री

मला भीती वाटते आहे. ती गेल्यावरच झोपायचं, असं काही नाही. भीतीसकटही आडवं पडता येतं.

मला सगळं येत नाही. द्रावणं आणि विद्युत रसायनाची गणितं मी पुस्तक मिटून सोडवली आहेत, ती येतात. सेंद्रिय रसायनातली रूपांतरं अजून कच्ची आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही घेऊनच मी उद्या जाणार आहे.

वाचलेलं पक्कं व्हायला झोप मदत करते, म्हणून आता पुस्तक मिटते. झोप नीट लागली नाही, तरी इतक्या महिन्यांचा अभ्यास एका रात्रीत पुसला जात नाही.

वर्गाबाहेर

छाती धडधडते आहे, तळहात ओले झाले आहेत. हे अ‍ॅड्रिनलिन आहे. शरीर तयारीला लागलं आहे.

श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देते. त्याने ठोके थोडे उतरतात. थोडे उतरले तरी चालेल, कारण हात थरथरत असतानाही मला लिहिता येतं.

शेजारी कुणीतरी मी न वाचलेल्या धड्याबद्दल बोलतं आहे. त्याने मला येतं ते कमी होत नाही.

काहीच आठवेनासं झालं तर

(पूर्वपरीक्षेत असं झालं होतं, म्हणून इथे जास्त वाक्यं हवीत.)

हे मला ओळखीचं आहे. घाबरल्यावर आठवायला जड जातं. याचा अर्थ अभ्यास गेला असा नाही.

पेन खाली ठेवते. पाय जमिनीवर आहेत. एक लांब उच्छ्वास.

या प्रश्नाला खूण करून पुढे जाते. हा सोडून दिला नाही, नंतरसाठी ठेवला आहे.

आता एकच छोटं काम: जो प्रश्न येतो, त्याचं सूत्र लिहायचं. मग एककं. मग दिलेल्या किमती. एवढं कागदावर आलं की पुढची पायरी बरेचदा सुचते.

सुचली नाही, तर जेवढं येतं तेवढं लिहीन. अर्धवट उत्तर कोऱ्या जागेपेक्षा बरं.

बाकीचे पुरवण्या मागत आहेत. मी माझ्या प्रश्नाकडे परत येते. पुन्हा लक्ष गेलं, तर पुन्हा येते.

पेपर दिल्यावर

उत्तरं आत्ता ताडून बघायची नाहीत. कुणी विचारलं, तर "नंतर बोलू" म्हणेन.

काय सुटलं ते मनात येत राहील, येऊ दे. घाबरलेली असतानाही मी बसून पेपर लिहिला, हेही आज घडलं आहे.

निकाल कसा लागेल, मला माहीत नाही. कमी गुण आले तर वाईट वाटेल, आणि तेव्हा पुढे काय करायचं ते मी घरच्यांशी बोलून ठरवीन. आज ते ठरवायचं नाही. आधी जेवते.